बिल गहाळ आहे, की नंबर चुकीचा वाचला गेला?

प्रश्न: "एका हार्डवेअर दुकानाचं जीएसटीचं काम नुकतंच घेतलंय. मालक महिनाभराच्या विक्री बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी मोबाइलच्या ॲपनं त्यावरचा नंबर, तारीख, रक्कम वाचून एक्सेलमध्ये घेते. यादी लावली की मधले सहा-सात नंबर दिसत नाहीत. मालक म्हणतात, सगळी बिलं पाठवलीत. नंबरांची सलगता नक्की कशी तपासायची?"

उत्तर:

मालकांशी वाद घालण्याआधी जरा थांबा. बहुतेक वेळा त्यांचंही खरं असतं आणि तुमची यादीही खोटं बोलत नसते. यादीत नंबर नाही याचे तीन अर्थ होऊ शकतात. बिल फाडलंच नाही किंवा रद्द केलं. बिल फाडलं, पण त्याचा फोटो आला नाही. किंवा फोटो आलाय, पण ॲपनं नंबर भलताच वाचला. एक्सेलला हे तिन्ही सारखेच दिसतात. माझ्या अनुभवात तिसरा प्रकार नेहमी असतो, दुसरा बऱ्याचदा आणि पहिला क्वचित. म्हणून तपासताना मी उलट्या टोकाकडून येतो. आधी वाचनातल्या चुका काढायच्या, मग न आलेले फोटो शोधायचे आणि जे उरेल त्याबद्दलच मालकांना विचारायचं.

किती काटेकोर व्हावं लागेल ते दुकानावर अवलंबून आहे. बिल संगणकावर निघत असेल तर फोटोंच्या मागे लागूच नका, सॉफ्टवेअरमधून विक्रीची यादीच मागवा. खरा त्रास छापील बिल बुकांचा. तिथेही एकच बुक चालू आहे की काउंटरवर एक आणि गोडाऊनवर दुसरं, यावर सगळं ठरतं. दोन बुकं एकाच वेळी चालू असतील आणि तुम्ही ती एकाच ओळीत लावलीत, तर मधे अख्खी पन्नास पानं गायब दिसतील आणि त्यात कोणाचाच दोष नसेल.

त्यामुळे यादीला हात लावण्याआधी मालकांकडून दोन गोष्टी घ्या. महिन्यात कोणकोणती बुकं वापरली ते विचारा, आणि प्रत्येक बुकातल्या पहिल्या कोऱ्या पानाचा फोटो मागवा. हा कोऱ्या पानाचा फोटो फार कामाचा. तो नसेल तर आपण आलेल्या फोटोंतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा नंबर धरतो आणि मधलंच तपासतो. सुरुवातीची आणि शेवटची गहाळ बिलं त्यात कधीच सापडत नाहीत, कारण ती दोन नंबरांच्या "मधे" नसतातच. सुरुवात ठरवायची ती मागच्या महिन्याच्या शेवटच्या नंबरावरून, आणि शेवट कोऱ्या पानावरून.

आता एक खरा महिनाच उलगडून सांगतो. माझ्याकडच्या एका हार्डवेअर दुकानाचा ऑक्टोबर २०२५. (बिलांचे नंबर छापलेले असतात तसेच इंग्रजी आकड्यांत लिहितो, नाहीतर वाचनातली गंमत कळणार नाही.) सप्टेंबरचं शेवटचं बिल 1142 होतं. पहिलं कोरं पान 1271. म्हणजे ऑक्टोबरची बिलं 1143 ते 1270, एकूण १२८ नंबर. फोटो आले १२७. आमच्या ऑफिसातल्या मुलानं ते मोजले आणि म्हणाला, "सर, एकच कमी आहे." तो आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यादी लावताना पहिली काळजी नंबर वेगळा काढण्याची. बिलावर HW/25-26/1187 असं असतं. सगळे आकडे एकत्र उचलले तर 25261187 होतं. आख्खा मजकूर तसाच ठेवून क्रम लावला तर एक्सेल तो अक्षरांसारखा लावतं, म्हणजे 2 च्या आधी 10 येतो. शेवटच्या तिरप्या रेषेनंतरचा भाग तेवढा हवा. मूळ वाचलेला मजकूर A रकान्यात, तर B रकान्यात हे:

```
=VALUE(TRIM(RIGHT(SUBSTITUTE(A2,"/",REPT(" ",20)),20)))
```

C रकान्यात तारीख, D मध्ये रक्कम. मग E रकान्यात 1143 पासून 1270 पर्यंतचे सगळे नंबर ओळीनं भरा. याला मी शिडी म्हणतो. शिडीच्या प्रत्येक पायरीसमोर, म्हणजे F मध्ये, तो नंबर यादीत किती वेळा आलाय ते मोजायचं. आणि उलट बाजूनं, यादीतला प्रत्येक नंबर शिडीवर आहे का, तेही G मध्ये पाहायचं:

```
F2:  =COUNTIF(B:B,E2)
G2:  =COUNTIF(E:E,B2)
```

F मध्ये शून्य आलं तर नंबर नाही, एक आलं तर ठीक, दोन आलं तर तोच नंबर दोनदा. G मध्ये शून्य आलं तर वाचलेला नंबर शिडीच्या बाहेरचा. बरेच जण फक्त शून्यं पाहतात आणि तिथेच फसतात. शून्य आणि दोन एकत्र पाहायचे, कारण चुकीचा वाचलेला नंबर एकाच वेळी दोन खुणा सोडतो. ज्या जागी तो असायला हवा होता तिथे खड्डा पडतो आणि ज्या जागी जाऊन बसला तिथे गर्दी होते, नाहीतर तो शिडीबाहेर तरी पडतो.

त्या महिन्यात आठ पायऱ्यांवर शून्य आलं: 1143, 1187, 1206, 1219, 1234, 1252, 1269 आणि 1270. पाच पायऱ्यांवर दोन: 1158, 1181, 1196, 1200, 1240. शिडीबाहेर दोन नोंदी: 7234 आणि 312. इथे बेरीज करून घ्यायची. शिडीवर १२० नंबर सापडले, पाच नंबरांची एकेक जास्तीची नोंद आणि बाहेरच्या दोन, मिळून १२७. म्हणजे प्रत्येक फोटोचा हिशेब लागला, वाचताना एकही फोटो सुटलेला नाही.

आता जोड्या लावायच्या. 7234 चा फोटो उघडला तर पान पहिल्या आकड्याच्या डोक्यावर दुमडलेलं होतं. घडीची रेघ 1 ला चिकटली आणि त्याचा 7 झाला. बिल 1234, एक खड्डा बुजला. (या एका नोंदीमुळेच, शिडी न लावता लहानात लहान ते मोठ्यात मोठा नंबर तपासला असता तर जवळपास सहा हजार बिलं गहाळ दिसली असती.) 312 हे बिल नव्हतंच, कोटेशन होतं. मालकांनी बिलांसोबत त्याचाही फोटो काढला होता. डिलिव्हरी चलन, कोटेशन, क्रेडिट नोट यांचे नंबर वेगळे चालतात. ते या यादीत आले की बाजूला काढायचे.

दोनदा आलेल्या पाचांपैकी 1158, 1196 आणि 1240 यांच्या दोन्ही नोंदींची तारीख आणि रक्कम अगदी सारखी होती. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा काढलेला, एवढंच. जास्तीची नोंद काढून टाकली. पण 1181 च्या दोन नोंदी वेगळ्या होत्या. एक ११ तारखेची, दुसरी १३ तारखेची, रकमाही निराळ्या. 1180 आणि 1182 ही ११ तारखेची, 1186 आणि 1188 ही १३ तारखेची. म्हणजे दुसरी नोंद बहुधा 1187 ची. फोटो मोठा करून पाहिला तर छापखान्याच्या नंबरिंग मशीनची शाई 7 च्या वरच्या रेघेवर नीट उमटली नव्हती, नुसती दांडी राहिली होती. तसंच 1200 चं. त्यातली एक नोंद 1206 निघाली. कार्बन कॉपीचा फोटो होता आणि 6 ची शेपटी पुसट झाली होती.

इथे एक सवय लावून घ्या. "बहुधा 1187 असेल" म्हणून यादीत आकडा बदलायचा नाही. फोटो उघडून डोळ्यांनी पाहायचा आणि दुरुस्त नंबर वेगळ्या रकान्यात लिहायचा, वाचलेला तसाच ठेवायचा. खड्डा समोर दिसतोय आणि हातात एक जास्तीची नोंद आहे, तेव्हा ती त्या खड्ड्यात बसवायचा मोह होतोच. पण छापखान्यातही मशीन अडकतं आणि एकच नंबर लागोपाठ दोन पानांवर येतो. तशी दोन खरी बिलं असतील आणि तुम्ही एकाला दुसरा नंबर दिलात, तर तुम्हीच चूक तयार केलीत. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नंबर सलग हवा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. म्हणून छापखान्याची चूक सापडली तर ती यादीत लपवायची नाही, मालकांना सांगायची आणि दप्तरी टिपण ठेवायचं.

हातानं लिहिलेल्या नंबरांत आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. काही दुकानदार नंबर आणि तारीख मराठी आकड्यांत घालतात. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा इंग्रजी 8 सारखा. असं बिल ॲपला इंग्रजी समजून वाचायला दिलं तर ११४१ चा 9989 होतो. असं बुक दिसलं की ॲप बंद करा आणि नंबर हातानं टाका. शंभर-सव्वाशे नंबर टाकायला अर्धा तास लागतो, चुका शोधायला दुपार जाते.

अजून एक चूक अशी आहे, जी वरच्या मोजणीत पकडली जात नाही. समजा 1219 खरंच आलेलं नाही आणि ॲपनं 1210 ला 1219 वाचलं. मग 1219 जागेवर असल्यासारखं दिसेल आणि खड्डा 1210 ला पडेल. कुठेही दोन येणार नाही, शिडीबाहेरही काही जाणार नाही. तुम्ही मालकांना 1210 मागाल, ते म्हणतील "पाठवलंय की", आणि 1219 कोणाच्या लक्षातही येणार नाही. याला उपाय तारखेचा. यादी नंबराप्रमाणे लावा आणि तारीख कुठे मागे जाते ते पाहा:

```
=IF(C3<C2,"पाहा","")
```

सलग फाडलेल्या बुकात नंबर वाढतो तशी तारीख पुढे तरी जाते किंवा तीच राहते. मागे गेली तर नंबर चुकीचा वाचलाय, तारीख चुकीची वाचलीय किंवा बिल खरोखरच नंतर लिहिलंय. या तिसऱ्या शक्यतेचं कारण दुकानात बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं. एखादं नेहमीचं गिऱ्हाईक "नंतर बिल घेऊन जातो" म्हणतं, म्हणून त्याच्यासाठी एक पान कोरं सोडून पुढचं फाडतात आणि आठवड्यानं त्या पानावर बिल करतात. यादीत ते पहिल्यांदा खड्डा म्हणून दिसतं आणि पुढच्या वेळी फोटो आला की तारीख उलटी म्हणून. ही सवय मालकांना सोडायलाच सांगा. ही तारखेची तपासणीही एकाच दिवसाच्या बिलांमध्ये आंधळी असते. 1210 आणि 1219 एकाच दिवशी फाडलेली असतील तर तारीख काही बोलणार नाही. तिथे फोटोंचा क्रम कामी येतो. मालक सहसा बुक उलटत ओळीनं फोटो काढतात, त्यामुळे 1209 आणि 1211 यांच्या मधल्या फोटोला 1219 असं नाव लागलेलं दिसलं की तो उघडायचा.

त्या ऑक्टोबरमध्ये वाचनातल्या तीन चुका निघाल्यावर पाच खड्डे उरले: 1143, 1219, 1252, 1269, 1270. आता मालकांना फोन केला. तोही "पाच बिलं कुठं आहेत?" असा नाही. त्यावर उत्तर येतं, "सगळं पाठवलंय, तुमच्याकडेच बघा." मी विचारतो, "1251 हे २७ तारखेचं आहे, 1253 हे २८ चं. बुकात त्या दोघांच्या मधलं पान उघडा आणि आहे तसा फोटो पाठवा." पान उघडायला सांगितलं की आठवणीचा प्रश्न उरत नाही.

1252 ची कार्बन कॉपी बुकातच होती. फोटो काढताना दोन पानं एकत्र उलटली गेली होती. एका प्लंबरला उधारीवर दिलेला माल, १६,००० रुपये आणि १८ टक्क्यांनी २,८८० कर, एकूण १८,८८०. 1219 वर दोन आडव्या रेघा आणि "रद्द" असं लिहिलेलं. गिऱ्हाइकाचं नाव चुकलं होतं आणि बिलाच्या तिन्ही प्रती बुकात होत्या. तिन्ही प्रती हे महत्त्वाचं. गिऱ्हाइकाची प्रत बाहेर गेलेली असेल आणि माल परत आला असेल तर ते बिल रद्द नाही, त्याला क्रेडिट नोट करावी लागते. 1269 आणि 1270 ही ३१ तारखेच्या संध्याकाळची. मालकांनी फोटो दुपारीच पाठवले होते. आणि 1143 आमच्याकडेच सापडलं. बिल १ ऑक्टोबरचं, पण फोटो सप्टेंबरच्या गठ्ठ्यात आला होता आणि आमच्या मुलानं तारीख पाहून "या महिन्याचं नाही" म्हणत बाजूला ठेवलं होतं. या एका बाबतीत मालक बरोबर होते आणि आम्ही चूक.

आता हिशेब मांडा. नंबर १२८, रद्द एक, निव्वळ दिलेली बिलं १२७. आणि सुरुवातीला फोटो किती आले होते? तेही १२७. निव्वळ योगायोग. त्या १२७ फोटोंत तीन दोनदा काढलेले होते, एक कोटेशन होतं आणि चार खरी बिलं नव्हतीच. ऑफिसातल्या मुलानं नुसती संख्या जुळवून "एक रद्द असेल" म्हणत सोडून दिलं असतं, तर चार बिलांचा कर राहिला असता. म्हणून संख्या जुळली की सगळं जुळलं, असं या कामात समजायचं नाही. प्रत्येक पायरीसमोर एक आला पाहिजे.

हे सगळं विवरणपत्रात नेमकं कुठे उमटतं? जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये. कोणत्या नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत, एकूण किती, रद्द किती, निव्वळ किती. मे २०२५ च्या विवरणपत्रापासून हा तक्ता भरणं बंधनकारक झालंय. आमचा त्या महिन्याचा तक्ता 1143 ते 1270, एकूण १२८, रद्द १, निव्वळ १२७ असा गेला. नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेलं बिल राहिलं तर तो स्वतःच ओरडतो, कारण त्याला त्याचं क्रेडिट दिसत नाही. पण हार्डवेअरच्या दुकानात बरीचशी विक्री सुतार, प्लंबर, घरमालक अशांना असते. ती नंबरासह जात नाही, दरानुसार एकत्र रकमेनं जाते. 1252 तसंच होतं. ते राहिलं असतं तर विचारायला कोणी आलं नसतं. अशा बिलांसाठी तुमच्या शिडीशिवाय दुसरी चाळणी नाही.

विवरणपत्र भरून झाल्यावर एखादं बिल सापडलं तर घाबरू नका. त्या महिन्याचं ३बी अजून गेलं नसेल तर जीएसटीआर-१ए मध्ये भर घालता येते. ही सोय २०२४ पासून आहे. ३बी गेलं असेल तर पुढच्या महिन्यात घ्या, कर उशिरा भरला म्हणून वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज भरा आणि तसं टिपण ठेवा. गहाळ नंबर भरून काढायला मागची तारीख टाकून नवं बिल करणं, हे मात्र कोणी कितीही गळ घातली तरी करायचं नाही. पानच हरवलं असेल तर गिऱ्हाइकाकडून प्रत मागवा. माल मोठा असेल तर ई-वे बिल निघालं होतं का पाहा, त्यावर बिलाचा नंबर आणि रक्कम दोन्ही असतात. काहीच मिळालं नाही तर पान कसं गेलं ते मालकांकडून सहीनिशी लिहून घ्या. तक्ता १३ मध्ये असा नंबर मी "रद्द" म्हणून दाखवत नाही, जोवर रद्द झाल्याचा पुरावा हातात नाही.

या तपासणीत एक गोष्ट अजिबात सापडत नाही, ती म्हणजे ज्या बुकाबद्दल तुम्हाला कोणी सांगितलंच नाही ते बुक. आपल्याकडे दिवाळी पाडव्याला वहीपूजन करून काही जण नवं बिल बुक काढतात आणि मुहूर्त म्हणून नंबर 1 पासून सुरू करतात. जुनं बुक संपेपर्यंत दोन्ही चालतात. एप्रिलमध्ये 1 नंबर होऊन गेलेला असतो, वर्ष तेच, म्हणजे नंबर पुन्हा आला. मुहूर्ताच्या बुकाला वेगळं अक्षर जोडलं, समजा D/1, तर ती वेगळी मालिका ठरते आणि नियमात बसते. मग तक्ता १३ मध्ये तिची वेगळी ओळ आणि तुमच्या एक्सेलमध्ये वेगळी शिडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फोटोंत अचानक 1, 2, 3 असे लहान नंबर शिडीबाहेर दिसले, तर ॲपनं पुढचे आकडे खाल्ले असं लगेच धरू नका. मालकांना आधी विचारा, पाडव्याला नवं बुक काढलंत का.